शांत मुलीचे न टिकणारे लक्ष

मुलींच्या प्रगतिपुस्तकात काही शेरे वर्षानुवर्षे दिसतात. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ ‘काम अर्धवट सोडते.’ ‘वस्तू सांभाळत नाही.’ ‘तंद्रीत असते.’ वर्ग बदलतो, शिक्षिका बदलतात, शेरा मात्र तोच राहतो. आई-वडील तो वाचतात, मुलीला चार शब्द सुनावतात आणि प्रगतिपुस्तकावर सही करून परत पाठवतात. मुलगी कोणाला त्रास देत नाही, उलट उत्तर देत नाही, म्हणून गोष्ट तिथेच संपते. पण तिसरीपासून सातवीपर्यंत वेगवेगळ्या शिक्षिका एकाच मुलीबद्दल तेच लिहीत असतील, तर त्याला आळस म्हणण्याआधी थांबून पाहायला हवे. त्यामागे एडीएचडी असू शकते.

हे नाव ऐकले की डोळ्यांसमोर बाकांवरून उड्या मारणारा मुलगा येतो. तो एडीएचडीचा एक प्रकार झाला. या अवस्थेचे तीन प्रकार मानले जातात. एकात चंचलता आणि उतावळेपणा जास्त असतो, दुसऱ्यात फक्त लक्ष टिकत नाही आणि तिसऱ्यात दोन्ही एकत्र असते. दुसऱ्या प्रकारातले मूल जागेवर शांत बसते. त्याचे शरीर वर्गात असते, मन मात्र सारखे निसटत राहते. मुलींमध्ये हा प्रकार तुलनेने जास्त आढळतो आणि नजरेतून सुटतो तोही हाच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा मुलीकडे लक्षच नसते असे नाही. आवडीच्या चित्रात किंवा गोष्टीच्या पुस्तकात ती दोन तास रमते. त्यामुळे घरचे म्हणतात, “हवे तिथे बरोबर लक्ष लागते.” अडचण आहे ती लक्षाला दिशा देण्याची. कंटाळवाण्या पण आवश्यक कामावर ते आणून ठेवणे आणि काम संपेपर्यंत तिथे धरून ठेवणे, हे तिच्या मेंदूला इतरांपेक्षा फार जड जाते. मारून किंवा रागावून लक्ष क्षणभर जागेवर येते, पण टिकत नाही.

मुली का सुटतात?

पहिले कारण या आजाराच्या इतिहासात आहे. १९०२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन व्याख्यानांत केले. त्यानंतर अनेक दशके डॉक्टरांचा भर अतिचंचलतेवरच राहिला. चंचलता नसतानाही लक्षाची कमतरता असू शकते, हे अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत १९८० साली मान्य केले. आज वापरात असलेले तीन प्रकार १९९४ मध्ये आले. ज्या मुलांना पाहून लक्षणांच्या याद्या तयार झाल्या, त्यांत मुलगेच जास्त होते. मुलींमध्ये ही अवस्था कशी दिसते, हा प्रश्न उशिरा विचारला गेला.

दुसरे कारण वर्गात रोज दिसते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षिकेचे लक्ष जो वर्ग बिघडवतो त्याच्याकडे जाते. बाकावर चढणाऱ्या मुलाची तक्रार पहिल्या चाचणीआधी पालकांकडे पोहोचते आणि डॉक्टरांकडे जायचा सल्लाही लवकर मिळतो. खिडकीशी गप्प बसलेल्या मुलीमुळे कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते फक्त तिचे. म्हणूनच दवाखान्यात येणाऱ्या मुलांत मुलग्यांची संख्या मुलींच्या कित्येक पट दिसते, पण वस्तीत जाऊन मुले तपासली की हे अंतर बरेच कमी होते. प्रौढांमध्ये तर ते आणखी कमी होते. यावरून दिसते की मुली होत्या, त्यांना दवाखान्यापर्यंत कोणी नेले नाही.

तिसरे कारण आपल्या घरांत आहे. मुलीने नीटनेटके, जबाबदार आणि आज्ञाधारक असावे, ही अपेक्षा तिला लहानपणीच कळते. आपल्याला जमत नाही हेही तिला कळते. मग ती झाकायला शिकते. मैत्रिणीच्या वहीवरून उतरवते, दप्तर चार वेळा तपासते, समजले नाही तरी मान हलवते. अम्मी किंवा दादी शेजारी बसून गृहपाठ पुरा करून घेते. पाचवीपर्यंत हे चालून जाते, कारण शिक्षिका बहुतेक एकच असते आणि विषय थोडे असतात. सहावी-सातवीत विषय वाढतात, प्रत्येक तासाला शिक्षक बदलतात, वह्या वाढतात आणि हा आधार पुरा पडत नाही. पूर्वी लक्षणे सात वर्षांच्या आत दिसली पाहिजेत अशी अट होती. २०१३ मध्ये ती बारा वर्षांपर्यंत वाढवली गेली. उशिरा लक्षात येणाऱ्या मुलींच्या दृष्टीने हा बदल फार उपयोगाचा ठरला.

सातवीतली एक मुलगी

हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते एका मुलीच्या उदाहरणातून पाहू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती नायगावची, उर्दू माध्यमात सातवीत शिकणारी, वय बारा. घर चाळीतल्या एका खोलीचे, माणसे सहा. स्वभाव मृदू, कोणाशी भांडण नाही. तक्रार एवढीच की गुण दरवर्षी घसरत होते.

आम्ही तीन आठवडे एका वहीत रोजच्या नोंदी ठेवल्या. ‘लक्ष देत नाही’ असे न लिहिता नेमके काय घडले तेवढेच लिहायचे, असा नियम ठेवला.

गणिताच्या दहा उदाहरणांत पहिली चार बरोबर असत. पाचव्यापासून अधिकाच्या जागी उणे होई, ३६ चे ६३ होत आणि शेवटची दोन राहून जात. तीच उदाहरणे तोंडी विचारली की उत्तरे बरोबर येत. म्हणजे गणित समजले होते, ते कागदावर शेवटपर्यंत नेणे जमत नव्हते.

मराठीच्या श्रुतलेखनात वाक्याच्या मधले शब्द गळत, पण लिहिलेल्या शब्दांचे शुद्धलेखन ठीक असे. हा फरक महत्त्वाचा आहे. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असलेले मूल बहुधा शब्द लिहिताना अक्षरांतच चुकते. या मुलीचे शब्द चुकत नव्हते, ते ऐकताना निसटत होते. अर्थात दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात आणि बऱ्याचदा असतातही, म्हणून तपासणी दोन्हींची व्हावी.

“वही काढा, नवे पान घ्या, तारीख घाला आणि फळ्यावरचा पहिला प्रश्न उतरवा,” असे एका दमात सांगितले की ती वही काढून थांबे. बाकीच्या तीन सूचना तिच्यापर्यंत पोहोचतच नसत. त्या तीन आठवड्यांत कंपासपेटी दोनदा हरवली, पाण्याची बाटली तीनदा वर्गात राहिली.

घरचे चित्र अम्मीने सांगितले. अर्ध्या तासाच्या गृहपाठाला अडीच तास लागत. दुकानातून तीन वस्तू आणायला पाठवले की एक येई. गॅसवर दूध ठेवून “लक्ष ठेव” म्हटले की दूध उतू जाई, आणि ती तिथेच समोर उभी असे. दादी म्हणत, “मुद्दाम करते.” एका खोलीत टीव्ही, शिलाई मशीन आणि धाकटी भावंडे असताना कोणाचेही लक्ष विचलित होईल, हे खरे. पण तिची मोठी बहीण त्याच खोलीत बसून अभ्यास पुरा करत होती. शिवाय तीच अडचण शाळेतही दिसत होती. एडीएचडी म्हणायला लक्षणे किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. फक्त घरी किंवा फक्त एकाच शिक्षिकेच्या तासाला दिसत असतील, तर कारण त्या जागेत शोधावे.

आधी काय वगळायचे?

लक्ष न लागण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली काही सहज बरी होणारी आहेत. कमी ऐकू येणे, फळा नीट न दिसणे, अपुरी झोप, थायरॉइडचा त्रास, घरातले ताणतणाव किंवा मनातली भीती यांमुळेही मुलगी हरवल्यासारखी दिसते. पाळी सुरू होण्याच्या वयातल्या मुलींमध्ये रक्तक्षय फार आढळतो, आणि लोह कमी असले की थकवा येतो व लक्ष उडते.

आणखी एक गोष्ट शिक्षिकेला आणि आईला माहीत असलीच पाहिजे. ती म्हणजे एक प्रकारची अपस्मार, म्हणजे मिरगी, जिच्यात मूल पडत नाही आणि झटकेही येत नाहीत. बोलता-बोलता मूल थांबते, पाच ते वीस सेकंद शून्यात पाहते, कधी पापण्या थरथरतात आणि मग काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे बोलू लागते. दिवसात असे अनेक वेळा होऊ शकते. तंद्रीतल्या मुलीला नावाने हाक मारली किंवा खांद्यावर हात ठेवला की ती भानावर येते. अपस्मारात ती त्या काही सेकंदांत प्रतिसाद देत नाही आणि मधले बोलणे तिने ऐकलेले नसते. अशी शंका आली तर मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढून घ्यावा. याची औषधे वेगळी आहेत.

आमच्या नोंदीत ही मुलगी प्रत्येक वेळी हाकेला ओ देत होती. डॉक्टरांनी श्रवण, दृष्टी आणि रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.२ निघाले. या वयाच्या मुलीत ते १२ च्या खाली नसावे. म्हणून आधी तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. चेहऱ्यावर तरतरी आली, दुपारची पेंग गेली, पण गळणारे शब्द आणि अर्धवट राहणारी उदाहरणे तशीच राहिली. त्यानंतरच डॉक्टर पुढच्या पायरीकडे वळले.

निदान कसे होते?

एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. निदान माहिती जुळवून होते. लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणे ठरलेली आहेत. निष्काळजीपणाच्या चुका, लक्ष फार वेळ न टिकणे, समोर बोलले तरी न ऐकल्यासारखे वाटणे, काम अर्धे सोडणे, कामाची मांडणी न जमणे, डोके लावायचे काम टाळणे, वस्तू हरवणे, बारीकसारीक गोष्टींनी विचलित होणे आणि रोजच्या गोष्टी विसरणे. सोळा वर्षांपर्यंत यांतली किमान सहा आणि सतराव्या वर्षापासून किमान पाच लक्षणे लागतात. ती सहा महिने टिकलेली असावीत, वयाला न शोभणारी असावीत आणि शिक्षणात किंवा व्यवहारात त्यांनी खरोखर अडथळा आणलेला असावा.

यासाठी आई-वडील आणि शिक्षक यांच्याकडून स्वतंत्र प्रश्नावल्या भरून घेतात. प्रत्येक लक्षणापुढे ‘कधीच नाही’, ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’ आणि ‘फार वेळा’ असे चार पर्याय असतात. शेवटचे दोनच मोजले जातात. या मुलीच्या बाबतीत आमच्याकडून नऊपैकी सात आले, अम्मीकडून आठ. चंचलतेच्या नऊ लक्षणांत दोघांकडून एकच आले. म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांत भरली नव्हती. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरांनी बुद्धिमापन आणि मुलीशी निवांत बोलणे, हे दोन्ही केल्यावरच नाव दिले.

नायगाव, दादर, परळ, लालबाग या भागातल्या कुटुंबांना यासाठी लांब जावे लागत नाही. परळचे केईएम आणि जवळचेच सायन रुग्णालय, ही महापालिकेची दोन्ही रुग्णालये शाळेतल्या अडचणींच्या तपासणीसाठी ओळखली जातात. बालरोग किंवा मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात सुरुवात करता येते. जाताना गेल्या तीन-चार वर्षांची प्रगतिपुस्तके, दोन-तीन वह्या आणि शिक्षिकेच्या नोंदी बरोबर न्याव्यात. एका भेटीत काम होत नाही, तीन-चार फेऱ्या धराव्या लागतात. सवलतींबद्दलही एक गोष्ट समजून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे दहावीच्या परीक्षेत जादा वेळ हवा असेल, तर अध्ययन अक्षमताही आहे का, हे वेळेत तपासून घ्यावे.

शाळेत आणि घरी काय केले?

तिला खिडकीजवळून उठवून पहिल्या बाकावर, शांत मुलीशेजारी बसवले. सूचना एका वेळी एकच द्यायची आणि ती तिच्याकडून परत म्हणून घ्यायची. दहा उदाहरणांचा कागद दुमडून पाच-पाचचे दोन भाग केले. पाच झाली की उठून आमच्या टेबलापर्यंत यायचे, दाखवायचे आणि परत जायचे. एवढ्या हालचालीनेही लक्ष ताजे होते. वीस गुणांच्या ज्या प्रकारच्या चाचणीत तिला ९ मिळत, तशाच चाचणीत या पद्धतीने १५ मिळाले.

घरी दाराच्या मागे चार ओळींची यादी लावली: दप्तर, डबा, बाटली, कंपासपेटी. आई तोंडी आठवण करत नाही, फक्त “यादी बघ” म्हणते. गृहपाठ पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, समोर घड्याळ ठेवून. खोली एकच असल्यामुळे संध्याकाळी मगरिबनंतरचा अर्धा तास टीव्ही आणि मशीन दोन्ही बंद, असे सगळ्यांनी ठरवले. लिहून देणे, तुकडे करणे आणि वेळ डोळ्यांना दिसेल असा ठेवणे, या तीन गोष्टी बहुतेक उपायांच्या मुळाशी आहेत.

एवढ्याने पुरेसे झाले नाही, म्हणून डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट हे औषध कमी मात्रेत सुरू केले. याने एडीएचडी मुळातून जात नाही. औषधाचा असर असेपर्यंत लक्ष टिकायला मदत होते. साध्या गोळीचा असर साधारण तीन ते चार तास राहतो, दीर्घकाळ चालणारी गोळी शाळेचा दिवस भागवते. भूक कमी होणे, झोप उशिरा लागणे आणि नाडी थोडी वाढणे हे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब पाहत राहतात. हे औषध नियंत्रित आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नये आणि दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये. या मुलीची दुपारची भूक मेली, तेव्हा भरपेट न्याहारी आणि रात्रीचे जेवण यांवर भर दिला. रमजानमध्ये सेहरी, झोप आणि गोळीची वेळ यांचे गणित बदलते. तेव्हा स्वतःच्या मनाने गोळी थांबवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आईच्या लक्षात आलेली गोष्ट

प्रश्नावली भरताना अम्मी मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “टीचर, हे तर माझेच लिहिले आहे.” असे अनेकदा घडते, कारण एडीएचडी घराण्यात चालते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के दिसला आहे.

त्या घरी शिलाईचे काम करतात. ब्लाऊज उत्तम शिवतात, पण मापांचा कागद हरवतो. चार कपडे अर्धे शिवून पाचव्याला हात घालतात आणि ईदच्या आदल्या रात्री जागून सगळे पुरे करतात. विजेचे बिल पैसे असूनही मुदतीनंतर भरले जाते. सासरी त्यांना ‘फूहड’ म्हणत, माहेरी ‘वेंधळी’.

घर चालवणे म्हणजे लक्षाचीच कसोटी असते. एकाच वेळी दहा कामे, प्रत्येकात व्यत्यय, काम संपल्याची घंटा नाही आणि आठवण करून देणारे कोणी नाही. शाळेत निदान वेळापत्रक तरी होते. लग्नानंतर इतरांचेही वेळापत्रक तिनेच डोक्यात ठेवायचे असते. म्हणून लहानपणी निभावून गेलेली मुलगी पहिल्या-दुसऱ्या मुलानंतर कोलमडते. पाळीच्या आधीच्या दिवसांत आणि रजोनिवृत्तीच्या काळात लक्षणे वाढतात, असेही अनेक स्त्रिया सांगतात. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘चिंता’ किंवा ‘नैराश्य’ असे निदान होते. ते खोटे नसते, पण अपुरे असू शकते. वर्षानुवर्षे ‘तुला काही जमत नाही’ ऐकल्यावर नैराश्य येणारच. अमेरिकेत स्टीफन हिन्शॉ यांनी एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा लहानपणापासून तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. मोठेपणी त्यांच्यात स्वतःला इजा करण्याचे आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण इतर मुलींपेक्षा जास्त निघाले. लहानपणी चंचलता व उतावळेपणाही असलेल्या मुलींत ते विशेष होते.

मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची यादी वापरली जाते. तिच्यातल्या पहिल्या सहांपैकी चार किंवा अधिक उत्तरे ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. मात्र एक प्रश्न स्वतःला आधी विचारावा: हे बारा वर्षांच्या आतही होते का? चाळिशीत अचानक विसरायला लागले असेल, तर ती एडीएचडी नव्हे. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, झोप, नैराश्य आणि रजोनिवृत्ती तपासावी. अम्मींनी आपल्या आईला विचारले. उत्तर आले, “तू तर चौथीत दप्तरच विसरून शाळेत गेली होतीस.”

आपल्या मुलीबद्दल किंवा वर्गातल्या मुलीबद्दल शंका असेल, तर आधी जुनी प्रगतिपुस्तके काढून एकाखाली एक ठेवावीत आणि शेरे वाचावेत. मग तीन आठवडे एका वहीत तारीख, तास आणि नेमके काय घडले ते लिहावे. ‘आळशी’, ‘बेपर्वा’ असे शब्द त्या वहीत येऊ देऊ नयेत. घरी आईने आणि शाळेत शिक्षिकेने वेगवेगळी वही ठेवावी. दोन्ही वह्यांत तेच दिसले, तर त्या घेऊन डॉक्टरांकडे जावे.